एक शब्द, एक अर्थ : विमानदेखभालीच्या मराठी पायऱ्यांमागचा इतिहास

गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळामुळे आणि 2021मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळामुळे कोकणातल्या मुलांना विमानदेखभालीचे क्षेत्र आता परके राहिलेले नाही. मात्र हस्तपुस्तिका इंग्रजीत असते आणि प्रशिक्षणात तिच्या पायऱ्या मराठीत समजावून सांगताना जी अडचण येते, तिची मुळे जुनी आहेत.

मर्यादित शब्दांच्या इंग्रजीची कल्पना चार्ल्स ऑग्डेन यांनी 1930मध्ये 850 शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’मधून मांडली होती. विमानक्षेत्रात तिला निकड आली ती 1970च्या दशकाच्या अखेरीस, कारण हस्तपुस्तिका वाचणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. युरोपीय विमान कंपन्यांच्या संघटनेने उत्पादकांकडे सुबोध मजकुराची मागणी केली, त्यातून 1986मध्ये मार्गदर्शिका निघाली आणि 2005मध्ये तिला ‘एएसडी-एसटीई100’ या मानकाचे रूप मिळाले. मंजूर शब्दाला ठरलेला अर्थ, कृतीच्या वाक्याला जास्तीत जास्त 20 शब्द आणि शक्यतो एका वाक्यात एकच सूचना, हे त्याचे नियम. गंमत अशी, की भाषांतराची गरज कमी व्हावी हाही या खटाटोपाचा एक हेतू होता.

हे नियम मराठीत जसेच्या तसे उतरत नाहीत. विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे 20 शब्दांची मर्यादा आपल्याकडे फार सैल ठरते. खरा धोका ‘ऊन’ प्रत्ययाचा असतो. खाऱ्या हवेत वावरणाऱ्या विमानासाठी कुणी लिहिले, ‘बिजागरी धुऊन ग्रीस लावून झाकण लावावे’, तर वाक्य आखूड असूनही त्यात तीन कृती आहेत आणि ‘लावणे’ दोन अर्थांनी आले आहे. झाकण नुसते मिटायचे, की काढून ठेवलेले पुन्हा बसवायचे, हे त्यावरून कळत नाही. शिवाय ‘लावावे’ म्हणजे सक्ती की शिफारस, हाही प्रश्न उरतो.

म्हणून ‘लावा’ फक्त ग्रीससारख्या लेपासाठी, ‘बसवा’ सुट्या भागासाठी आणि ‘बंद करा’ फक्त दार-झाकणासाठी राखावे. स्विचला मात्र ‘ऑफ स्थितीत ठेवा’ म्हणावे. मग पायऱ्या अशा होतात :

१. बिजागरी गोड्या पाण्याने धुवा.
२. बिजागरी पूर्ण कोरडी करा.
३. बिजागरीला ग्रीस लावा.
४. झाकण बसवा.

दुसरी पायरी मूळ वाक्यात नव्हतीच. सुटी वाक्ये करताना ती राहून गेल्याचे लक्षात येते, आणि ओलाव्यावर ग्रीस चढवले तर तो आतच कोंडून गंजाला वाट मिळते. अर्थात अशी पायरी भाषांतरकाराने मनाने घालायची नसते. मूळ पुस्तिकेत ती आहे का, हे पाहून खात्री करायची असते.

असे मराठी तक्ते प्रशिक्षणापुरतेच वापरावेत. प्रत्यक्ष काम आणि त्यावरची सही मंजूर इंग्रजी पुस्तिकेच्या चालू आवृत्तीनुसारच होते. तिच्यात सुधारणा आली, की ताडून पाहीपर्यंत तक्ता भिंतीवरून उतरवलेला बरा.