रोहिणीची सावली मृगाला चालत नाही

बेळगावजवळच्या कडोलीच्या शिवारात माझ्या मावसभावाची भाजीपाल्याची छोटी नर्सरी आहे. दीड गुंठ्यावर लोखंडी पाइपांचा मांडव, वर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आणि खाली मिरचीचे ट्रे. एका वर्षी त्यानं मेच्या मध्याला बी टाकलं आणि जूनअखेरीस तरू विकलं. तरू वीतभर उंच होतं, पण काडी सुतळीसारखी. ट्रे उचलला की सगळी रोपं एका अंगाला झुकायची. ज्यांनी नेलं, त्यांच्या रानात लावणीनंतर दोन दिवस उघाड मिळाली आणि कोवळ्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे उठले. बी चांगलं होतं, पाणी वेळेवर होतं. चुकली होती ती सावली.

आपल्याकडच्या खरिपाच्या तरूची अडचण पंचांगातच आहे. १५ मेला बी टाकलं, तर रोप वर येईतो २५ मेची रोहिणी उजाडते. ऊन तेव्हा भाजून काढत असतं. ७-८ जूनला मृग लागतं, आभाळ भरून येतं, आणि आर्द्रा निघते तोवर खानापूरच्या बाजूला दिवसदिवस सूर्य दिसत नाही. म्हणजे चाळीस दिवसांच्या रोपाला दोन वेगळी आभाळं बघावी लागतात, आणि आपण मात्र एकच जाळी चारही बाजूंनी कायमची आवळून बसतो.

हिशेब करून बघू. झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश दर चौरस मीटरवर दिवसभरात किती पडला, हे 'मोल' या एककात मोजतात. मेमधल्या लख्ख दिवशी उघड्या रानात साधारण ४५ मोल प्रकाश पडतो. दाट ढग आणि झिमझिम असलेल्या दिवशी तोच १५ च्या आसपास येतो. भाजीपाल्याचं रोप ठेंगणं, जाड काडीचं व्हायला दिवसाला दहा-बारा मोल तरी लागतात. आता ७५ टक्क्यांची जाळी घाला. मेमध्ये रोपाला ११ मिळतात, म्हणजे कसंबसं भागतं. पावसाळी दिवशी चारसुद्धा मिळत नाहीत. ५० टक्क्यांच्या जाळीखाली मेमध्ये २२ मिळतात, पावसाळी दिवशी सात-साडेसात. ढगाळ दिवसात जाळी पूर्ण बाजूला सारली, तरच पंधराच्या पंधरा हाती लागतात. कडोलीत बिघडलं होतं ते इथंच. मेमध्ये थोडक्यात निभावलेली सावली जूनमध्ये उपासमार झाली.

शिवाय जाळीवर लिहिलेला आकडा अडवलेल्या उन्हाचा असतो आणि तो नव्या, नीट ताणलेल्या जाळीचा असतो. जास्त ताणली की भोकं उघडतात आणि सावली कमी होते. धूळ बसली की वाढते. दुहेरी जाळीचा हिशेबही बेरजेचा नाही. पन्नासावर पन्नास घातली तर शंभर टक्के सावली होत नाही. अर्ध्याचं अर्धं ऊन उरतं, म्हणजे सावली ७५ टक्के. भावानं मेच्या शेवटच्या आठवड्यात घाबरून पंचाहत्तरवर आणखी एक पन्नासची जाळी टाकली होती. उरलेल्या चार आण्यांचे दोन आणे झाले, आणि तेवढ्या आठ दिवसांत रोपांनी जी मान लांब केली ती परत आखूड झाली नाही.

आपल्या जाळीखाली खरंच किती प्रकाश येतो, हे फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपनं बघता येतं. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण आपल्याला आत आणि बाहेर यांचं प्रमाण हवंय, आणि तेवढ्याला तो चालतो. भर दुपारी, आभाळ निरभ्र असताना फोन आडवा धरायचा, आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही, आधी बाहेर आणि लगेच आत मोजायचं. कडक उन्हात काही फोनांचा आकडा एका जागी अडकून बसतो. तसं झालं तर पुढच्या कॅमेऱ्याशेजारच्या सेन्सरवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून दोन्ही वेळा तसंच मोजायचं. आत एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. फोन भोकाखाली आला की आकडा उड्या मारतो, म्हणून चार-पाच जागांची सरासरी घ्यावी. आम्ही मोजलं तेव्हा बाहेर ९२ हजार आणि आत १६ हजार आले. म्हणजे पंचाहत्तरची म्हणून घेतलेली जाळी धुळीनं माखून ८३ टक्के ऊन अडवत होती.

आणि ती जाळी हिरवी होती. लक्सचा आकडा माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं ठरतो, आणि आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात जास्त दिसतो. म्हणून हिरव्या जाळीखाली फोन प्रकाश जास्त दाखवतो. रोपाच्या कामाचा लाल आणि निळा प्रकाश त्याहून कमी असतो.

रंगाचा खरा परिणाम मात्र याहून खोल आहे. पान लाल प्रकाश खातं, पण लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश तसाच पुढं जाऊ देतं. त्यामुळं दुसऱ्या झाडाच्या आडोशाला वाढणाऱ्या रोपापर्यंत लाल कमी आणि पलीकडचा लाल जास्त पोचतो. रोपाच्या अंगात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते हे प्रमाण ओळखतं. प्रमाण बिघडलं की रोप समजतं, शेजारी आपल्या डोक्यावर चढलाय. मग ते पानं आणि मुळं सोडून उंचीच्या मागं लागतं. हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीतून गाळून येणारा प्रकाश पानातून गाळलेल्या प्रकाशासारखाच असतो. भोकातून येणारं ऊन शुद्ध असतं, म्हणून विरळ हिरव्या जाळीखाली हा दोष फारसा जाणवत नाही. पण जाळी दाट आणि रुंद पट्टीची असली की गाळीव प्रकाशाचा वाटा वाढतो. ७५ टक्क्यांची हिरवी पट्टीची जाळी म्हणजे रोपाला मुद्दाम झाडाखाली बसवण्यासारखं आहे. गावोगाव तीच दिसते, कारण ती दुकानात सहज मिळते आणि हिरवा रंग डोळ्याला शेतासारखा वाटतो. रोपवाटिकेसाठी मी ती घेऊ नका असंच सांगेन.

काळी जाळी असा घोळ घालत नाही. ती सगळे रंग सारखेच अडवते. प्रकाश कमी होतो, पण त्यातलं प्रमाण बदलत नाही. तिच्यावर आक्षेप असतो तो उष्णतेचा, आणि तो अर्धा खरा आहे. काळा धागा ऊन पितो आणि स्वतः तापतो. मेमध्ये दुपारी दोनला काळ्या जाळीच्या चार बोटं खाली तळहात धरा, धग लागते. पण ही धग ट्रेपर्यंत पोचते की वाऱ्यावर निघून जाते, हे मांडवाची उंची ठरवते. जाळी नऊ-दहा फुटांवर असेल आणि बाजू मोकळ्या असतील, तर तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. तीच जाळी गादीवाफ्यावर कमानी रोवून तीन फुटांवर टाकली आणि कडा मातीत दाबल्या, तर आत भट्टी होते. अशा बुटक्या आडोशाला पांढरी जाळी बरी, कारण ती ऊन परतवते आणि उरलेलं चौफेर पसरवते.

जाळीनं हवेचं तापमान फार उतरतं असा समज आहे. मोकळ्या मांडवात थर्मामीटर सावलीत टांगून बघा, आतबाहेर फरक थोडाच निघतो, कारण हवा तीच वाहत असते. फरक पडतो तो उन्हानं थेट तापणाऱ्या वस्तूंत, म्हणजे पानात आणि काळ्या ट्रेतल्या मूठभर कोकोपीटमध्ये. थर्मामीटरचं टोक कोकोपीटमध्ये खुपसून बघावं. ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची उगवण ढासळते आणि कोवळ्या मुळ्या काम करेनाशा होतात.

आता टिकाऊपणा. शेडनेट एचडीपीई प्लास्टिकची असते आणि उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडत राहतात. काळ्या जाळीतली काजळी हे किरण स्वतःच शोषून घेते, म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर काळी जास्त वर्षं टिकते. पांढऱ्या-हिरव्या जाळीला कंपनीनं मिसळलेल्या संरक्षक रसायनावरच विसंबून राहावं लागतं, आणि गंधकाची फवारणी त्या रसायनाची ताकद मारते. भुरीसाठी गंधक मारायचं असेल तर आधी जाळी बाजूला सारावी.

जाळी फाटते ती बहुधा मधोमध नाही, पाइपावर. मेमध्ये तापलेला लोखंडी पाइप जाळीला खालून शेकतो आणि मृगाचा वारा तिला त्याच जागी घासतो. कडोलीत पहिली चीर अशीच नैऋत्येच्या पाइपावर पडली. पाइपाची वरची बाजू पांढरी रंगवली आणि त्यावर जुन्या ठिबकच्या नळीचे चिरलेले तुकडे बसवले, की हे दुखणं बरंच कमी होतं. विणीचाही फरक आहे. पट्टीची जाळी शिडासारखी वारा धरते. गोल धाग्याची, म्हणजे मोनो जाळी वारा सोडते. जाळी म्हातारी झाली का, हे ओळखायला कडेचा एक धागा दुमडून नखानं दाबावा. चांगला धागा वाकतो. कुजलेला तुटतो आणि बोटावर भुकटी ठेवतो.

विकत घेताना बंडल वजन करूनच घ्या. ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब, म्हणजे दीडशे चौरस मीटर जाळीचं वजन १५ किलो भरलं, तर चौरस मीटरला १०० ग्रॅम झाले. पावतीवर लिहिलेल्या ग्रॅमशी हे ताडून बघावं. तेवढ्याच टक्क्यांची, त्याच विणीची जाळी बरीच हलकी भरली, तर धागा बारीक ओढलाय हे समजावं.

पुढच्या वर्षी भावानं ५० टक्क्यांची काळी मोनो जाळी घेतली आणि ती आवळून बांधली नाही. पूर्व-पश्चिम तारा ओढल्या आणि जाळीला कड्या लावून ती पडद्यासारखी सरकती केली. रोहिणीत सकाळी दहा ते चार जाळी पसरलेली, बाकी वेळ गोळा केलेली. मृगात ढग असले की दिवसभर उघडं. शेवटचे आठ दिवस, लख्ख ऊन असलं तरी, उघडं ठेवायची वेळ रोज वाढवत नेली, म्हणजे पान रानातल्या उन्हाला सरावतं. जोरदार सर आली की मात्र धावत जाऊन ओढावी लागते. जाळी पाऊस अडवत नाही, पण थेंबांचा मार मोडते. हे माणसाच्या हाताचं काम आहे आणि घरात कुणी नसेल त्या दिवशी ते चुकतं.

अथणीकडं हाच हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथं ऊन जास्त, पाऊस कमी आणि आभाळ जूनमध्येही बरंच मोकळं असतं. जाळी जास्त तास पसरलेली लागते, आणि मांडव बुटका असेल तर पांढरी घ्यावी. उलट खानापूरच्या ओल्या पट्ट्यात पांढऱ्या जाळीवर शेवाळ धरतं आणि दोन पावसाळ्यांत तिची सावली नकळत वाढते. तिथं दर उघाडीला फोननं मोजून बघायचं, आणि आकडा उतरला की साध्या पाण्यानं, मऊ झाडूनं जाळी धुवायची.

त्या वर्षी आर्द्रेत तरू निघालं ते आधीच्या निम्म्या उंचीचं होतं. एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, "आण्णा, रोप बारकं राहिलंय की." भावानं ट्रेमधलं एक रोप कोकोपीटच्या गड्ड्यासकट उपटून त्यांच्या हातावर ठेवलं. काडी ताठ होती आणि गड्डा पांढऱ्या मुळ्यांनी विणलेला. त्यांनी बारा ट्रे गाडीत भरले.