ऑडिओ बफरचा आकार आणि राउंड ट्रिप लेटन्सी

ऑडिओ इंटरफेस आणि संगणक यांच्यातील आवाजाची देवाणघेवाण एकेका सॅम्पलने, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजमापाने, होत नाही, तर ठरावीक संख्येच्या सॅम्पलच्या गठ्ठ्यांनी होते. या गठ्ठ्याला बफर आणि त्यात मावणाऱ्या सॅम्पलच्या संख्येला बफर साइज म्हणतात. माइकमधून आत आलेला आवाज संगणकात जाऊन, तेथे त्यावर प्रक्रिया होऊन, पुन्हा इंटरफेसमार्गे हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत जाणारा वेळ म्हणजे राउंड ट्रिप लेटन्सी होय. या वेळेतला जो भाग वापरणाऱ्याच्या हातात असतो, तो बहुतांशी बफर साइजवरच ठरतो.

बफर किती वेळाचा आहे हे त्यातील सॅम्पलच्या संख्येला सॅम्पल रेटने भागले की कळते. सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतले जात असताना १२८ सॅम्पलचा बफर २.६७ मिलिसेकंदांत भरतो, तर १,०२४ सॅम्पलचा बफर भरायला २१.३ मिलिसेकंद लागतात. नेहमीच्या रचनेत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना बफरची एकेक जोडी असते: इंटरफेस जोडीतील एक बफर भरत किंवा वाजवत असतो, तेव्हा संगणक दुसऱ्यावर काम करतो आणि एक फेरी संपली की दोघे आपापले बफर बदलून घेतात. त्यामुळे गठ्ठ्यातील पहिल्या सॅम्पलला आधी गठ्ठा भरेपर्यंत एक बफरभर आणि मग त्यावर प्रक्रिया होऊन अदलाबदलीची वेळ येईपर्यंत आणखी एक बफरभर थांबावे लागते. शेवटच्या सॅम्पलला भरण्याची वाट पाहावी लागत नाही, पण वाजताना ते रांगेत शेवटी असते. म्हणून त्याचाही एकूण उशीर तेवढाच, म्हणजे दोन बफरइतका, भरतो. यातून एक गोष्ट निघते, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संगणकाने आपले काम निम्म्या वेळात उरकले तरी अदलाबदल ठरल्या वेळीच होते, त्यामुळे बफर साइज तीच ठेवून नुसता वेगवान संगणक आणल्याने लेटन्सी कमी होत नाही. वेगवान संगणकाचा फायदा एवढाच, की त्यावर बफर लहान करणे परवडते.

दोन बफरच्या या वेळेत आणखी काही उशीर मिळतो आणि तो बफर साइज बदलून सहसा हलत नाही. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरमधील फिल्टर थोडा वेळ घेतात, यूएसबीवरून माहिती ठरावीक कालखंडांत पाठवली जाते, आणि ड्रायव्हर सुरक्षिततेसाठी काही सॅम्पल स्वतःकडे शिल्लक ठेवतो. एकूण आकडा मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडणे, एक टोकदार ‘टक्’ वाजवणे, ती पुन्हा रेकॉर्ड करणे आणि दोन टकटकींमधील सॅम्पल मोजणे. मात्र रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रण आपोआप मागे सरकवत असेल, तर ती दुरुस्ती आधी बंद करावी लागते. समजा, ४८,००० च्या रेटवर आणि १२८ च्या बफरवर हे अंतर ३९८ सॅम्पल भरले, म्हणजे ८.३ मिलिसेकंद. त्यातले २५६ सॅम्पल दोन बफरचे. उरलेले १४२, म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंद, हा स्थिर भाग. याच इंटरफेसवर बफर ६४ केला तर एकूण उशीर २७० सॅम्पलवर, म्हणजे ५.६ मिलिसेकंदांवर येईल. ३२ केला तर २०६ सॅम्पलवर, म्हणजे ४.३ मिलिसेकंदांवर. बफर चौपट लहान झाला, पण उशीर जेमतेम निम्मा झाला. तुलनेसाठी, हवेतून आवाज ८.३ मिलिसेकंदांत सुमारे २.८ मीटर जातो.

बफर लहान केल्यावर आवाज तुटण्याचे, म्हणजे ड्रॉपआऊटचे, कारण संगणकाच्या सरासरी ताकदीपेक्षा मुदतीत आहे. प्रत्येक गठ्ठा पुढच्या अदलाबदलीपूर्वी तयार असलाच पाहिजे; उशिरा आलेला गठ्ठा न आल्यातच जमा होतो. एखाद्या प्रकल्पातील सर्व प्लगइनना, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-प्रोग्रॅमना, १२८ सॅम्पलवर प्रक्रिया करायला १.६ मिलिसेकंद लागतात असे धरू. मुदत २.६७ मिलिसेकंदांची असल्याने भार ६० टक्के दिसतो आणि एक मिलिसेकंदाहून थोडी अधिक सवड उरते. आता वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर १.३ मिलिसेकंद अडवून धरला, तर काम २.९ मिलिसेकंदांवर जाते आणि मुदत चुकते. बफर २५६ असता तर मुदत ५.३३, काम ३.२ आणि अडथळा १.३ मिलिसेकंद, म्हणजे सगळे मिळून ४.५ मिलिसेकंदांत आटोपले असते आणि ऐकणाऱ्याला काहीच कळले नसते. ६४ च्या बफरवर मात्र एकूण मुदतच १.३३ मिलिसेकंदांची असल्याने तो अडथळा एकटाच ती जवळजवळ संपूर्ण खाऊन टाकतो. तिन्ही वेळा सरासरी भार तोच आहे. बफर लहान केला की काम आणि सवड दोन्ही त्या प्रमाणात घटतात, पण बाहेरून येणारा अडथळा तेवढाच राहतो. सगळी गोम येथेच आहे.

शिवाय प्रत्येक फेरीला काही ठरावीक खर्च असतो: ऑडिओच्या कामाला जागे करणे, प्रत्येक प्लगइनला हाक मारणे, माहिती इकडून तिकडे नेणे. ३२ च्या बफरवर हे सेकंदाला १,५०० वेळा घडते, १,०२४ च्या बफरवर ४७ वेळांहून कमी. म्हणून फार लहान बफरवर सरासरी भारही वाढलेला दिसतो.

मुदत चुकली की आउटपुटला आयता गठ्ठा मिळत नाही. मग ड्रायव्हरच्या रचनेनुसार तेथे शांतता येते किंवा जुनाच गठ्ठा पुन्हा वाजतो, आणि आवाजाची रेषा अचानक तुटल्याने टिचकीसारखा किंवा चरचरीचा आवाज येतो. ही टिचकी केवळ ऐकताना आली असेल तर फाइलचे काही बिघडत नाही. इनपुटच्या बाजूचे सॅम्पल उचलण्याआधीच त्यांच्यावर नवे लिहिले गेले, तर मात्र ते कायमचे गेले आणि तो टेक पुन्हा घ्यावा लागतो. निदान करताना संगणकाच्या सर्वसाधारण कार्यभार-तक्त्यावर विसंबू नये, कारण तो बराच काळ आणि सर्व कोअर यांची सरासरी दाखवतो. एकामागोमाग एक लावलेली प्लगइनची साखळी एका गठ्ठ्यासाठी कोअरमध्ये वाटता येत नाही, त्यामुळे तो तक्ता २० टक्के दाखवत असतानाही आवाज तुटू शकतो. लिनक्सवरील JACK ही ऑडिओची देवाणघेवाण सांभाळणारी प्रणाली अशा प्रत्येक चुकलेल्या मुदतीची xrun म्हणून नोंद करते. बफर दुप्पट केल्यावरही तुटणे सुरूच राहिले आणि ते प्लगइन बंद केल्यावर थांबले, तर भार जास्त आहे. सर्व प्लगइन काढूनही अधूनमधून टिचक्या येत राहिल्या, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोसेसरचा वेग खाली आणणाऱ्या वीजबचतीच्या व्यवस्थेचा असतो.

गायकाचा आवाज संगणकात जाण्यापूर्वीच इंटरफेसमधून परस्पर हेडफोनला देण्याची सोय असेल, तर बफर मोठा ठेवूनही त्याला स्वतःचा आवाज उशिराने ऐकावा लागत नाही. गिटारचा आवाज संगणकातील ॲम्प्लिफायर-प्लगइनमधून ऐकायचा असल्यास ही पळवाट उपयोगी नाही, कारण तो आवाज संगणकातच तयार होतो. कीबोर्डवरून सॉफ्टवेअर-वाद्य वाजवताना ऑडिओ इनपुटचा बफर मार्गात नसतो, म्हणून त्याच बफर साइजवर ते गिटारपेक्षा चपळ वाटते.