चार धडे, एकच उतार: थीम शीटवरची एक ओळ नीट भरून बघू

सेमिस्टरमध्ये कपॅसिटरचा डिस्चार्ज एका युनिटमध्ये येतो, गरम वस्तू थंड होण्याचा न्यूटनचा नियम दुसऱ्यात, किरणोत्सर्ग तिसऱ्यात आणि फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन तर विषयच बदलून केमिस्ट्रीत. चारही ठिकाणी ग्राफ तोच, आधी झपकन खाली येणारा आणि मग हळूहळू सपाट होत जाणारा. पण चार वेगळ्या वह्यांमध्ये चार वेगळी अक्षरं असल्यामुळे तो एकच आहे हे पटकन लक्षात येत नाही, आणि परीक्षेत नेमका दोन युनिट एकत्र करणारा प्रश्न आला की गाडी अडते.

थीम शीट म्हणजे धड्यांच्या क्रमाने न लिहिता कल्पनेच्या क्रमाने लिहिलेला एक कागद. त्यातली एकच कल्पना इथे घेतोय: जेवढं शिल्लक आहे त्याच्या प्रमाणात घटण्याचा वेग. आता नुसतं `N = N0·e^(-kt)` लिहून चारही धड्यांची नावं खाली टाकली तर ती शीट नाही, ती फक्त फॉर्म्युल्याची नक्कल झाली. माझ्या मते प्रत्येक धड्यासमोर चार गोष्टी लिहायला हव्यात: नेमकं काय घटतंय, कुठपर्यंत घटतंय, वेग कोण ठरवतं आणि असं का होतं.

"कुठपर्यंत" हा रकाना बरेच जण सोडून देतात आणि मार्क तिथेच जातात. समजा एक द्रव 90 अंशांवर आहे, खोली 30 अंशांवर, आणि 10 मिनिटांत द्रव 60 वर आला. अजून 10 मिनिटांनी किती? कुणी म्हणतं 30 अंश गेले, अजून 30 जातील, म्हणजे 30. कुणी म्हणतं 90 चे 60 झाले म्हणजे दोन तृतीयांश उरलं, म्हणून 60 चे 40. दोन्ही चूक, आणि दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिथे गुणोत्तराने घटतं हे बरोबर ओळखलंय पण ते गुणोत्तर चुकीच्या राशीला लावलंय. घटतंय ते तापमान नाही, खोलीपेक्षा असलेला फरक घटतोय. तो 60 होता, 30 झाला, म्हणजे 10 मिनिटं ही त्या फरकाची हाफ लाइफच झाली की! पुढच्या 10 मिनिटांत 15 उरेल आणि द्रव असेल 45 अंशांवर. किरणोत्सर्गात ही अडचण येत नाही कारण तिथे शेवट शून्यावरच होतो, आणि म्हणूनच तिथली सवय घेऊन कूलिंगच्या गणितात शिरलं की घात होतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून पूर्ण रिकामा होत असेल तर शून्य, पण बॅटरीवर चार्ज होत असेल तर परत कूलिंगसारखंच, बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत उरलेला फरक घटत जातो.

आता वेग कोण ठरवतं. कपॅसिटरमध्ये `R` आणि `C` चा गुणाकार, तोच टाइम कॉन्स्टंट. 100 किलोओहम आणि 100 मायक्रोफॅरड घेतले तर 10 सेकंद, म्हणजे 10 सेकंदांनी साधारण 37 टक्के चार्ज उरतो. हाफ लाइफ हवी तर 0.693 ने गुणायचं, म्हणजे जवळपास 7 सेकंद. हा 0.693 चारही धड्यांना जोडणारा पूल आहे, शीटवर तो मोठ्या अक्षरात लिहावा, कारण फिजिक्सच्या एका धड्यात टाइम कॉन्स्टंट देतात, दुसऱ्यात हाफ लाइफ आणि केमिस्ट्रीत `k`, आणि तिन्ही एकच वेग सांगायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत.

याच रकान्यातून जोडप्रश्न तयार होतो. आयोडीन-131 ची हाफ लाइफ 8 दिवस. समजा प्रश्नात दिलंय की शरीर स्वतःहून हे आयोडीन 24 दिवसांच्या हाफ लाइफने बाहेर टाकतं. मग शरीरातली अ‍ॅक्टिव्हिटी निम्मी व्हायला किती दिवस? सरासरी काढून 16 म्हणायचा मोह होतो, पण थांबून विचार करा, दोन वाटांनी कमी होणारी गोष्ट एका वाटेपेक्षा हळू कशी कमी होईल? उत्तर 8 पेक्षा कमीच यायला हवं. इथे वेळा नाही तर वेग बेरजेत येतात: `1/8 + 1/24 = 4/24`, म्हणजे 6 दिवस. आणि हे गणित तुम्ही आधीच केलंय, पॅरलल रेझिस्टन्सच्या धड्यात! एका कपॅसिटरला दोन रेझिस्टर पॅरललमध्ये लावले तर तो दोन्हीतून रिकामा होतो आणि अगदी हीच बेरीज करावी लागते. मला हा धागा फार आवडतो, कारण इथे नुसतं समीकरण सारखं दिसत नाही, तर वाटा वाढल्या की वेग वाढतो हा विचारच सारखा आहे.

पण "का" या रकान्यात मात्र धडे वेगळे होतात, आणि ते वेगळेपण लिहिलं नाही तर शीट फसवते. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्जच करंट ढकलतो, चार्ज कमी झाला की ढकलणं कमी. अणुकेंद्रकात कुणी कुणाला ढकलत नाही, प्रत्येक केंद्रकाला फुटण्याची ठरावीक शक्यता असते आणि ते किती जुनं आहे याने काही फरक पडत नाही. म्हणून 8 केंद्रकं असतील तर एका हाफ लाइफने बरोबर 4 उरतीलच असं नाही, बरोबर 4 उरण्याची शक्यता फक्त 27 टक्के आहे, नियम खरा दिसतो तो प्रचंड संख्येत. दुसरा फरक तापमानाचा. रिअ‍ॅक्शन गरम केली की सहसा तिचा `k` वाढतो, पण किरणोत्सर्गी नमुना प्रयोगशाळेत कितीही तापवला तरी हाफ लाइफ हलत नाही. "दोन्ही फर्स्ट ऑर्डर आहेत, तर तापवल्यावर दोन्हींचं काय होईल" असा प्रश्न आला तर उत्तर या रकान्यातून येतं, फॉर्म्युल्यातून नाही.

शेवटी शीटच्या समासात एक तपासणी हवी, कारण खाली उतरणारा प्रत्येक ग्राफ या ओळीत बसत नाही. सारख्या वेळेच्या अंतराने आकडे घ्या. 80, 40, 20, 10 असे आले तर सारखं गुणोत्तर आहे, ही थीम लागू. 80, 60, 40, 20 आले तर सारखी वजाबाकी आहे, तो झिरो ऑर्डर, तिथे हाफ लाइफ प्रत्येक वेळी आखूड होत जाते. रक्तातलं अल्कोहोल बराच काळ असंच उतरतं, कारण ते फोडणारे एन्झाइम आधीच पूर्ण कामात गुंतलेले असतात आणि अल्कोहोल जास्त असलं म्हणून वेग वाढत नाही. प्रमाण अगदी कमी झालं की मात्र एन्झाइम मोकळे व्हायला लागतात आणि तोच ग्राफ शेपटीकडे परत आपल्या ओळीत येतो. कूलिंगच्या आकड्यांना ही तपासणी लावताना आधी खोलीचं तापमान वजा करायचं, नाहीतर 90, 60, 45 बघून ही थीम नाहीच असं वाटेल.