वाकणे वाढले, पण स्नायू लांब झाला का?

माझा भाचा पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे मानकापूरच्या क्रीडा संकुलात धावायला जातो. मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आखडलेले आहेत अशी त्याची तक्रार होती, म्हणून मी त्याला सहा आठवड्यांचे स्ट्रेचिंग सांगितले: सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक पायाला ४५ सेकंदांचे चार ताण. सहा आठवड्यांनी तो गुडघे न वाकवता पायाची बोटे धरू लागला आणि "स्नायू लांब झाले" असे सगळ्यांना सांगू लागला. फिजिओथेरपीच्या व्यवसायात मी हे वाक्य रोज ऐकतो, आणि पूर्वी स्वतःही रुग्णांना तसेच सांगत असे. यावेळी मात्र सुरुवातीलाच मोजमाप करून ठेवले होते.

मोजण्याची पद्धत घरगुती होती. भाच्याला टेबलावर उताणे झोपवले, मांडी उभी, म्हणजे टेबलाशी काटकोनात राहील अशी पट्ट्याने बांधली आणि घोट्याच्या वर खूण करून तिथे दुसरा पट्टा लावला. त्या पट्ट्याला प्रवासाची बॅग तोलायचा काटा अडकवून मी पोटरीशी काटकोन राखत पाय सावकाश सरळ करत गेलो. गुडघा पूर्ण सरळ व्हायला किती अंश उरले आहेत हे कोनमापकाने पाहायचे आणि त्या क्षणी काटा किती किलो दाखवतो ते लिहायचे. भाच्याने पाय अगदी सैल सोडायचा आणि सहन होईनासे झाले की "बस" म्हणायचे. काट्यावरच्या आकड्यात पायाचे स्वतःचे वजनही मिसळलेले असते, पण एकाच कोनात दोन वेळा मोजले तर दोन्ही वेळा ते सारखेच असते. म्हणून तुलना नेहमी त्याच कोनाची करायची.

पहिल्या दिवशी गुडघा सरळ व्हायला ४० अंश उरले असताना काट्याने ६ किलो दाखवले, ३२ अंश उरले असताना ९ किलो, आणि तिथेच तो "बस" म्हणाला. सहा आठवड्यांनी ४० अंशांवर पुन्हा ६ किलोच आले आणि ३२ अंशांवर ९. फरक एवढाच, की यावेळी तो तिथे थांबला नाही. २० अंश उरेपर्यंत तो गेला, तेव्हा काटा साडेचौदा किलोवर होता. "मामा, तेव्हा इथंच जीव जात होता, आता नुसतं ओढल्यासारखं वाटते," असे तो ३२ अंशांवर म्हणाला.

आखूड दोरीऐवजी लांब दोरी घेतली, तर तिच्या टोकाला तेवढ्याच अंतरावर नेण्यासाठी कमी ओढावे लागते. स्नायू खरोखर लांब झाला असता, तर ४० अंशांवर ६ ऐवजी कदाचित ३-४ किलोच लागले असते. तसे झाले नाही. प्रत्येक कोनात स्नायूचा विरोध आधी होता तेवढाच राहिला. वाढली ती फक्त हा विरोध किती सोसायचा याची मर्यादा. या मर्यादेला ताण-सहनशीलता म्हणतात.

एका मुलाच्या मोजमापावरून मी हे म्हणत नाही. पीटर मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हाच प्रश्न यंत्राने तपासला. तीन आठवडे एकाच पायाला ताण दिल्यावर पाय जास्त सरळ होऊ लागला, पण त्याच कोनातला विरोध बदलला नाही. स्नायूची विद्युत हालचालही त्यांनी नोंदवली होती. सैल सोडलेल्या स्नायूत ती अगदी अल्प होती आणि प्रशिक्षणानंतरही तशीच राहिली. म्हणजे "आधी स्नायू आपोआप आकसून ताणाला अडवत होता, आता तो आकसत नाही" हे स्पष्टीकरणही इथे लागू पडत नाही.

मला सर्वांत पटणारा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या लिसा हार्वी यांच्या प्रयोगांतून मिळतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या एका पायाच्या हॅमस्ट्रिंगला त्यांनी रोज ३० मिनिटे, चार आठवडे ताण दिला. दर वेळी ठरावीक जोर लावून मोजले, तेव्हा ताण दिलेल्या पायाचा हॅमस्ट्रिंग न दिलेल्या पायापेक्षा जास्त ताणला जात नव्हता. अशा रुग्णांत संवेदना नसते किंवा फार कमी असते आणि कुठे थांबायचे हे मोजणारा ठरवतो, त्यामुळे सहनशीलतेला तिथे वावच उरत नाही. तो वाव काढून घेतल्यावर लवचिकतेची वाढही दिसत नाही, यावरून निरोगी माणसातली वाढ बहुतांशी कशाची असते याचा अंदाज येतो.

ताण धरून ठेवल्यावर काही सेकंदांत पाय मोकळा झाल्यासारखा वाटतो, त्याचे काय? तो भास नाही. भाच्याचा पाय २० अंशांवर तसाच धरून ठेवला तेव्हा काटा हळूहळू उतरू लागला आणि दीड मिनिटात साडेचौदावरून सुमारे दहावर आला. ऊती चिवट आणि लवचिक अशा दोन्ही गुणांच्या असल्यामुळे स्थिर ताणाखाली विरोध असा घटतो. पण हा बदल टिकत नाही. साधारण तासाभरात विरोध पूर्ववत होतो. सकाळी मैदानावर मिळालेला मोकळेपणा दुपारपर्यंत उरत नाही तो यामुळेच.

स्नायू कधीच लांब होत नाहीत असे मात्र नाही. स्नायुतंतू सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म कप्प्यांची माळ असतो आणि खरी लांबी वाढते ती या माळेत नवे कप्पे जोडले गेले तर. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये तबारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ मांजरांच्या पोटरीतला सोलियस स्नायू ताणलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा चार आठवड्यांत कप्पे सुमारे २० टक्क्यांनी वाढले. आखूड स्थितीत ठेवले तेव्हा ते सुमारे ४० टक्क्यांनी घटले. प्लास्टर काढल्यावर दोन्ही बदल काही आठवड्यांत पुसले गेले. प्लास्टरचा ताण दिवसाचे २४ तास असतो आणि आपण देतो तो दिवसाकाठी पाच-सहा मिनिटांचा. या दोहोंकडून एकाच परिणामाची अपेक्षा करणे मला बरोबर वाटत नाही.

माणसात तंतूंची लांबी वाढल्याचे अधिक ठोस पुरावे मिळतात ते स्नायू लांबत असताना त्याच्यावर भार घालणाऱ्या व्यायामात. गुडघ्यांवर बसायचे, साथीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचे, या व्यायामाला नॉर्डिक म्हणतात. काही आठवडे तो नियमित केल्यावर हॅमस्ट्रिंगमधल्या तंतूंचे जुडगे लांब झाल्याचे सोनोग्राफीत दिसले आहे. अनेक आठवडे चालवलेल्या नुसत्या स्ट्रेचिंगनेही स्नायूचा ताठपणा थोडा कमी होतो असे काही अभ्यासांत आढळते, त्यामुळे सारे श्रेय सहनशीलतेलाच द्यावे असे मी म्हणणार नाही. मोठा वाटा मात्र तिचाच.

घरी मोजताना एक चूक हमखास होते. पाय वर ओढला की कंबर टेबलावरून किंचित उचलली जाते आणि माकडहाडाकडची बाजू वर फिरते, त्यामुळे हॅमस्ट्रिंग तेवढाच राहूनही गुडघा पाच-दहा अंश जास्त सरळ झाल्याचे दिसते. मांडीचा पट्टा घट्ट हवा तो याचसाठी. पाऊल वर खेचलेले असेल तर मांडीमागची नसही ताणली जाते आणि "बस" लवकर येते, म्हणून दोन्ही वेळा पाऊल सैलच ठेवायचे.

भाच्याला मी आता आठवड्यातून दोनदा नॉर्डिक सांगितले आहे, सुरुवातीला फक्त पाच-पाच वेळा, कारण पहिल्या आठवड्यात त्याने स्नायू चांगलेच दुखतात. स्ट्रेचिंगही तो करतोच आहे. दहा आठवड्यांनी पुन्हा टेबल, पट्टा आणि काटा काढायचे ठरले आहे, आणि तेव्हा मी आधी ४० अंशांवरचा आकडा पाहणार आहे.