नुसतं ‘हूं’ करणारं मशीन आणि मिस्त्रींना पाठवलेला दुसरा मेसेज

गेल्या महिन्यात आमच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनने असहकार पुकारला. मी मेसेज टाकला, “मशीन बंद पडलंय, कपडे फिरत नाहीत, लवकर या.” दोन दिवसांनी मिस्त्री आले ते नवा बेल्ट घेऊन. मागचं झाकण उघडलं, तर जुना बेल्ट जागच्या जागी, ठणठणीत. मशीन चालवून बघावं तर नेमकी सोसायटीत लाइट नव्हती. “कपडे फिरत नाहीत म्हणालात, मला वाटलं बेल्ट सुटला. लाइट आली की नीट बघा, ऐका आणि कळवा,” असं म्हणून ते गेले.

‘ऐका’ हा शब्द मला फार आवडला. कारण ‘कपडे फिरत नाहीत’ या तीन शब्दांत निदान तीन वेगळे आजार मावतात आणि ते कानाने ओळखता येतात. मोटर मजेत फिरतेय, पण टबच्या तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, हलत नाही: बहुधा बेल्ट. अजिबात आवाज नाही: मोटरपर्यंत वीज पोचत नाही, म्हणजे टाइमर किंवा वायर. आणि तिसरा आजार म्हणजे मोटर जागेवरच ‘हूं’ करत बसते. आमचं मशीन हे तिसरं होतं.

हा ‘हूं’ येतो कुठून? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. मोटरच्या वेटोळ्यात ती सोडली की चुंबकत्व तयार होतं, पण ते गोल फिरत नाही. एकाच रेषेवर वाढतं, ओसरतं, उलटतं. प्रत्येक फेऱ्यात त्याचा जोर दोनदा शिगेला पोचतो, म्हणून मोटरचं लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरतं. तोच तो ‘हूं’.

पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवा. पायाची पट्टी नेमकी अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला थांबली, की पायाने कितीही दाबा, चाक हलत नाही. हाताने चाकाला जरासा झटका द्यावा लागतो, मग पाय काम करतो. झटका उलटा बसला तर चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. एकाच वेटोळ्यावर चालणाऱ्या मोटरचं दुखणं हेच आहे. फरक इतकाच, की थांबलेली मोटर कुठल्याही जागी थांबली तरी अडलेलीच असते.

असं का, हे सांगायला जरा आडवाटेने जावं लागेल. एका रेषेवर पुढे-मागे होणारं चुंबकत्व म्हणजे उलट दिशांना गोल फिरणाऱ्या दोन सारख्या चुंबकत्वांची बेरीज असते. दोन माणसं एकाच जागेवरून निघून गोल मैदानाला उलटसुलट चकरा मारू लागली, तर त्यांच्या मधोमध असलेला बिंदू फक्त एका रेषेवर ये-जा करतो, तसंच. थांबलेल्या मोटरला दोघंही सारख्याच जोराने आपापल्या दिशेला ओढतात, म्हणून ती हलत नाही. एकदा ती एका बाजूला फिरू लागली, की त्या बाजूची ओढ वरचढ होते आणि ती तशीच पळत राहते.

म्हणजे प्रश्न फक्त पहिल्या झटक्याचा आहे आणि तो देतो कपॅसिटर, ज्याला आपल्याकडे सर्रास कंडेन्सर म्हणतात. मोटरमध्ये दुसरं वेटोळं पहिल्याशी काटकोनात बसवलेलं असतं आणि त्याची वीज कपॅसिटरमधून जाते. त्यामुळे तिथली वीज जवळजवळ पाव फेरा आधी शिगेला पोचते. आधी हे वेटोळं ओढतं, मग ते. चुंबकत्व खरोखरच गोल फिरू लागतं आणि मोटरला आपल्यामागे नेतं. पुढे-मागे पडणाऱ्या दोन प्रवाहांतून फिरतं चुंबकत्व मिळवण्याची ही युक्ती १८८८ साली इटलीत फेरारिसने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी अमेरिकेत टेस्लाला तिची पेटंटं मिळाली.

आता गंमत बघा. धुताना पल्सेटर थोडा वेळ उजवीकडे आणि थोडा वेळ डावीकडे फिरतो. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही वेटोळी सारखी असतात आणि टाइमर कपॅसिटरला कधी या, तर कधी त्या वेटोळ्याच्या वाटेत घालतो. म्हणून कपॅसिटर गेला की दोन्ही पाळ्यांना नुसता ‘हूं’ ऐकू येतो. मशीन एका बाजूला नीट फिरून दुसऱ्या पाळीला गप्प राहत असेल, तर कपॅसिटर शाबूत आहे आणि संशय टाइमरच्या संपर्कावर जातो. हा एवढा तपशील कळवला तरी मिस्त्रींची पिशवी बदलते.

दुसरा तपशील म्हणजे बिघाड एकदम झाला की हळूहळू. या कपॅसिटरमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिशय तलम थर असतो. पट्टीला कुठे बारीक छिद्र पडलं, तर तिथला धातू क्षणात उडून जातो आणि जखम आपोआप बंद होते. पण दर वेळी थोडा धातू कमी होतो, तशी क्षमताही कमी होते. म्हणून मशीन आधी भरल्या टबाला अडतं, अर्ध्या टबाला चालतं आणि शेवटी रिकामंही उठत नाही.

शेजारच्या काकूंचं म्हणणं होतं, मशीन शनिवारी घेतलं होतं ना, लोखंड शनिवारी घरात आणू नये. शिवाय कपडे ढवळता ढवळता धक्का लागला की त्यांचं मशीन चालू होतं, म्हणून त्यात ‘काहीतरी आहे’. त्यात काहीतरी आहे खरं, अशक्त झालेला कपॅसिटर. धक्का म्हणजे शिलाई मशीनच्या चाकाला दिलेला तोच झटका. चालू मशीनमध्ये हात घालून तो देऊ नये, एवढंच काकूंना सांगितलं.

‘हूं’ला आणखी एक कारण असू शकतं. पल्सेटरखाली नाणं किंवा तार अडकली तरी मोटर अशीच कण्हते. त्यासाठी प्लग काढून, टब रिकामा करून पल्सेटर हाताने फिरवून बघितला. थोडा जड, पण दोन्हीकडे सारखा फिरला. कुठे अडलं नाही. मागचं झाकण मात्र उघडलं नाही, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. मग हा मेसेज पाठवला:

“नमस्कार दादा. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, ७ किलो, मागच्या स्टिकरचा फोटो सोबत. धुण्याच्या बाजूला दोन्ही पाळ्यांना फक्त हूं आवाज येतो, पल्सेटर फिरत नाही, रिकाम्या टबातही नाही. महिनाभर भरल्या टबाला अडत होतं, चार दिवसांपासून पूर्ण बंद. दोनतीन मिनिटं हूं करून गप्प होतं, अर्ध्या तासाने पुन्हा हूं. प्लग काढून पल्सेटर हाताने मोकळा फिरतो. पिळायची बाजू व्यवस्थित चालते. जळका वास नाही. आवाजाचा व्हिडिओ पाठवतोय.”

दोनतीन मिनिटांनी गप्प होणं म्हणजे तापलेल्या मोटरमधला संरक्षक स्विच वीज तोडतो आणि गार झाल्यावर पुन्हा जोडतो. हे दिसल्यावर मी मशीन पुन्हा लावलं नाही, कारण तसंच रेटत राहिलं तर वेटोळं जळतं. पिळायची बाजू चालते, यावरून प्लग आणि घरची वीज ठीक आहे हे कळतं. पण दोन्ही मोटरींचे कपॅसिटर पुष्कळदा एकाच डबीत असतात आणि त्यातला एकच मरू शकतो. स्टिकरचा फोटो यासाठी, की कपॅसिटरची क्षमता मॉडेलप्रमाणे बदलते. कमी क्षमतेचा बसवला तर उठण्याचा जोर कमी पडतो, जास्तीचा बसवला तर मोटर तापते.

हे सगळं जुळूनही वेटोळं तुटल्याची शक्यता उरतेच, कारण तेव्हाही असाच ‘हूं’ येतो. ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. मिस्त्रींनी उत्तरात एवढंच लिहिलं, “कंडेन्सर वाटतोय, मीटर आणतो.” आले, जुनी डबी सुटी केली, तिच्यातली वीज उतरवली आणि मीटर लावला. डबीवर धुण्याच्या बाजूसाठी १० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर ३.४. नवी डबी त्यांच्या खिशातच होती.