स्लॅब वाळला की हलका होतो?

"काँक्रीट वाळल्यावर पाणी उडून जातं, मग स्लॅबचं वजन बरंच कमी धरायचं ना?"

नाही हो, असं अजिबात धरू नका. 4 बाय 3 मीटरचा, 125 मिमी जाडीचा स्लॅब घ्या, व्हॉल्यूम आलं 1.5 घनमीटर, आरसीसीची डेन्सिटी स्टीलसकट घनमीटरला 2500 किलो, म्हणजे स्लॅबचं स्वतःचं वजन, डेड लोड, 3750 किलो. यात पाणी साधारण 270 लिटर आणि त्यातलंही बरंचसं सिमेंटशी रिॲक्शन होऊन आतच अडकतं, उडतं ते थोडंच. फ्लोअरिंगचं वजन तर अजून वेगळंच.

क्रेनने ओलं काँक्रीट उचलताना पण तेच, 1 घनमीटरला 2400 किलो धरा, वर बकेट आणि स्लिंगचं वजन, ते लोक हमखास विसरतात आणि क्रेन ओव्हरलोड होते.