3.4 माध्यमविश्वासाचे मापन: अल्फाबद्दलचा एक समज

"अल्फा 0.70 च्या वर आला की प्रश्नावली पक्की. आपण विश्वासच मोजतोय हे सिद्ध झालं."

हा समज चुकीचा आहे. अल्फा, म्हणजे प्रश्नावलीची अंतर्गत सुसंगती दाखवणारा क्रॉनबाखचा आकडा, एवढंच सांगतो की विधानांची उत्तरं एकमेकांसोबत हलतात. ती कशामुळे हलतात, ते त्याला कळत नाही. शिवाय विधानं वाढवली की तो आपसूक चढतो. प्रमाणित अल्फाचं सूत्र असं, k म्हणजे विधानांची संख्या, r म्हणजे त्यांच्यातला सरासरी सहसंबंध:

```
alpha = k*r / (1 + (k-1)*r)
```

r फक्त 0.20 असला, तरी 10 विधानांना 2.0 ÷ 2.8, म्हणजे 0.71 मिळतो. तोच r ठेवून 4 विधानं घेतली, तर 0.50.

समजा, नागपुरातल्या वाचकांसाठी विधानं अशी लिहिली: "मी रोज पेपर वाचतो", "पेपरशिवाय सकाळ जात नाही", "पेपरातली बातमी खरी असते". पहिली दोन सवय मोजतात. घरी वर्षानुवर्षं येणारा पेपर माणूस विश्वास नसतानाही चाळतो. अल्फा मात्र छान येईल.

म्हणून आधी व्याख्या: बातमी अचूक, निःपक्ष आणि पूर्ण असेल ही वाचकाची अपेक्षा. प्रत्येक पैलूला दोन-तीन विधानं, आणि "माध्यमे" असं मोघम न लिहिता स्थानिक पेपर की टीव्ही, ते स्पष्ट. मग काही जणांना उत्तर देताना मनातलं मोठ्यानं बोलायला सांगावं. "खरी" म्हणताना कुणी क्रिकेटचा स्कोअर धरतो, कुणी राजकारण. शेवटी घटक-विश्लेषणात, म्हणजे एकत्र हलणाऱ्या विधानांचे गट शोधणाऱ्या पद्धतीत, सवयीची विधानं वेगळी पडतात का, ते पाहावं. तीनच पैलूंवर थांबणं हा माझा निर्णय आहे. त्यावर वाद होऊ शकतो.